यादी नसताना नमुना: स्तरित, क्लस्टर की सोयीचा?

‘लोकसंख्येची संपूर्ण यादी उपलब्ध नसल्याने स्तरित यादृच्छिक नमुना पद्धत वापरली.’ प्रबंधांमध्ये आणि सर्वेक्षणांच्या अहवालांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की ते दिसलं की पुढचे तक्ते बघण्याची इच्छाच उरत नाही. प्रत्यक्षात काय केलेलं असतं? १०० पुरुष आणि १०० स्त्रिया हव्यात असं ठरवलेलं असतं. मग वर्दळीच्या जागी उभं राहून, आकडा भरेपर्यंत जो थांबेल त्याला प्रश्न विचारलेले असतात. हा सोयीचा नमुना झाला, फक्त दोन रकान्यांत भरलेला. याला कोटा म्हणतात. कोटा वापरायला माझी हरकत नाही, त्याला ‘स्तरित यादृच्छिक’ म्हणायला आहे.

साधा यादृच्छिक नमुना तुम्हाला माहीत आहे असं धरतो: सगळ्यांची यादी, प्रत्येकाला क्रमांक, चिठ्ठ्या टाकून निवड. स्तरित आणि क्लस्टर या दोन्ही पद्धतींत लोकसंख्येचे गट पाडतात, म्हणून गोंधळ होतो. स्तरित पद्धतीत प्रत्येक गटात जायचं आणि प्रत्येकातून थोडे निवडायचे. क्लस्टर पद्धतीत गटांमधूनच काही गट निवडायचे, बाकीच्यांकडे फिरकायचंही नाही. म्हणून स्तर आतून एकसारखे असलेले बरे आणि क्लस्टर आतून सरमिसळ असलेले बरे. परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

पण यादी नसताना निवड करायची असेल, तर खरा प्रश्न वेगळा आहे: कोणत्या पद्धतीला कशाची यादी लागते?

माणसांचे स्तर पाडायचे तर प्रत्येक माणसाची यादी तर हवीच, शिवाय प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा स्तरही लिहिलेला हवा. म्हणजे साध्या यादृच्छिक नमुन्यापेक्षा मागणी जास्त. यादी नाही म्हटल्यावर सगळ्यात आधी हीच पद्धत हातातून जाते, आणि लोक नेमकं तिचंच नाव लिहितात. क्लस्टर पद्धतीला सुरुवातीला माणसांची यादी लागतच नाही, जागांची लागते: वस्त्या, शाळा, नकाशावरचे रस्त्यांचे तुकडे. माणसांची यादी नंतर करायची, तीही फक्त निवडून आलेल्या जागांमध्ये. ‘यादी नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कोणी अजून केलेली नाही’ एवढाच असतो. सगळ्या प्रदेशाची यादी करणं परवडत नाही, तीस जागांची परवडते.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा एका प्रदेशात काही शे वस्त्या आहेत आणि मिळून १,२०,००० घरं. घरांची यादी कुठेच नाही, पण कोणत्या वस्तीत अंदाजे किती घरं आहेत ते जुन्या गणनेतून कळतं. आपल्याला ३० वस्त्या आणि प्रत्येक वस्तीतून २० घरं, अशी ६०० घरं हवी आहेत.

३० वस्त्या नुसत्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या तर घोटाळा होतो. लहान आणि मोठ्या वस्तीला सारखीच संधी मिळते, दोन्हीकडून २० घरंच घेतली जातात, आणि लहान वस्तीतल्या घरांना अवाजवी वजन मिळतं. म्हणून वस्तीला तिच्या आकाराच्या प्रमाणात संधी द्यायची. वस्त्या एकाखाली एक लिहा आणि घरांची चढती बेरीज करा. पहिल्या वस्तीत १८० घरं, दुसरीत ९५०, म्हणजे बेरीज १,१३०. तिसरीत २४०, बेरीज १,३७०. चौथीत १,६००, बेरीज २,९७०. आता १,२०,००० भागिले ३० म्हणजे ४,००० हे अंतर. १ ते ४,००० मधला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा २,७३१ आला. तो चौथ्या वस्तीच्या बेरजेत बसतो, म्हणून चौथी वस्ती निवडली. पुढचे आकडे ६,७३१, १०,७३१, असे तीस.

चौथ्या वस्तीत पोचल्यावर १,६०० घरांची यादी करत बसायची गरज नाही. ढोबळ नकाशा काढून तिचे साधारण २०० घरांचे आठ तुकडे करा, चिठ्ठी टाकून एक तुकडा घ्या, आणि त्या तुकड्यातलं प्रत्येक घर वहीत उतरवा. मागच्या अंगाला वेगळी चूल असलेलं घरसुद्धा, कुलूप असलेलंसुद्धा. मग त्या वहीतून २० घरं यादृच्छिक निवडा.

आता गणित बघा. ही वस्ती निवडली जाण्याची संधी १,६०० भागिले ४,०००, म्हणजे ०.४. तुकड्याची संधी एक अष्टमांश. तुकड्यातल्या घराची २०० पैकी २०. तिन्हींचा गुणाकार २०० मध्ये एक. २४० घरांच्या तिसऱ्या वस्तीसाठी करून बघा, तिथेही २०० मध्ये एकच येतो. घरांची यादी हातात नसताना प्रत्येक घराला सारखी आणि आधीच माहीत असलेली संधी मिळाली. जुनी गणना चुकली तरी बिघडत नाही. २०० घरं म्हणून नोंदलेल्या वस्तीत वहीत २६० निघाली, तर तिथल्या घराची संधी २६० मध्ये एक होते. विश्लेषणात तिथल्या घराला २०० ऐवजी २६० वजन द्यायचं, म्हणजे ते २६० घरांच्या वतीने मोजायचं, झालं. अर्थात गणनेत अजिबात नसलेल्या नव्या वस्त्या मात्र निसटतात, त्या आधीच शोधून यादीत घालाव्या लागतात.

ही सोय फुकट मिळत नाही. एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसावं घर पहिल्या एकोणीस घरांपेक्षा फारसं नवं काही सांगत नाही. किती नुकसान होतं ते असं काढतात: एका क्लस्टरमधल्या मुलाखतींतून एक वजा करा, एका वस्तीतली घरं आपसांत किती सारखी आहेत ते सांगणाऱ्या गुणांकाने गुणा, त्यात एक मिळवा. गुणांक ०.१ धरला तर १९ गुणिले ०.१ अधिक १, म्हणजे २.९. ६०० घरांचा नमुना अचूकतेच्या दृष्टीने साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या सुमारे २०७ घरांइतका उरला. पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या उत्तरावरची चूक अधिक-उणे ४ टक्क्यांऐवजी ६.८ टक्के झाली. प्रश्न ‘घरात कोणाला चष्मा आहे का’ असा असेल तर गुणांक लहान असतो. ‘पिण्याचं पाणी कुठून येतं’ असा असेल तर तो मोठा, कारण अख्खी वस्ती त्याच विहिरीवर असते. अशा वेळी ३० वस्त्यांतून २० घरं घेण्यापेक्षा ६० वस्त्यांतून १० घरं घ्यावीत, प्रवास वाढला तरी. क्लस्टर नमुना घेऊन चूक मात्र साध्या यादृच्छिक सूत्राने छापणारे लोक स्वतःलाच फसवतात.

मग स्तरित पद्धत सोडूनच द्यायची का? मुळीच नाही. स्तरित आणि क्लस्टर यांतली एकच निवडावी लागते ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते. ज्या गोष्टीची यादी आहे तिचे स्तर पाडता येतात, आणि आपल्याकडे यादी आहे वस्त्यांची. म्हणून वस्त्यांचे डोंगराळ आणि सपाट असे दोन स्तर करा आणि प्रत्येक स्तरातून स्वतंत्रपणे वस्त्या निवडा. समजा डोंगराळ भागात १८,००० घरं आहेत. प्रमाणाने वाटले तर त्यांच्या वाट्याला चार-पाच क्लस्टर येतात, आणि तेवढ्यावर डोंगराळ भागाचं वेगळं अनुमान काढता येत नाही. तिथे १२ क्लस्टर द्या, सपाटीला १८. आता डोंगराळ घराची संधी ७५ मध्ये एक आणि सपाटीवरच्या घराची सुमारे २८३ मध्ये एक, त्यामुळे एकूण टक्केवारी काढताना हीच वजनं लावायची. विसरलात तर डोंगराळ भाग सगळ्या प्रदेशाच्या उत्तरावर चढून बसेल. वय, शिक्षण, उत्पन्न यांचे स्तर मात्र या टप्प्यावर पाडता येणार नाहीत, कारण कोणत्या घरात कोण राहतं ते अजून माहीतच नाही.

सोयीच्या नमुन्याबद्दल थोडक्यात. प्रश्नावलीतला कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, मुलाखतीला किती वेळ लागतो, हे शोधायला तो उत्तम आहे. त्यावरून टक्केवारी काढू नये, आणि काढलीच तर तिच्यापुढे अधिक-उणे लिहू नये. ते सूत्र निवडीची संधी माहीत आहे असं धरूनच बनलेलं आहे. संख्या वाढवूनही हा दोष जात नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या, त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर झालं, आणि रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवर तो नमुना बेतला होता, आणि त्यातही ज्यांना वाटलं त्यांनीच उत्तर पाठवलं.

चांगला आखलेला क्लस्टर नमुना शेवटच्या पावलावर सोयीचा होऊन बसतो, ही चूक तर दिसतही नाही. लसीकरण किती झालं ते मोजण्याची जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पद्धत ३० क्लस्टर आणि प्रत्येकी ७ मुलं अशी होती. वस्तीच्या मध्यभागी बाटली किंवा पेन्सिल फिरवून दिशा ठरवायची, त्या दिशेला कडेपर्यंतची घरं मोजून एक घर यादृच्छिक निवडायचं आणि पुढे शेजारचं, त्याच्या शेजारचं करत सात मुलं पुरी करायची. जलद आणि स्वस्त, पण मध्यभागाजवळच्या घरांना जास्त संधी मिळते आणि कोणत्याही घराची संधी किती ते सांगता येत नाही. संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने ही वाट सोडून शेवटपर्यंत संभाव्यतेने निवड करायला सांगितलं.

बाटली फिरवली नाही तरी कुलूप दिसलं की शेजारचं घर घेतात. परिणाम तोच होतो, दिवसा घरी असणाऱ्यांचा नमुना तयार होतो. म्हणून घरांची यादी करणारा आणि मुलाखत घेणारा ही माणसं वेगळी ठेवा, निवडलेली २० घरं कार्यालयातून लिहून द्या आणि बदली घर घ्यायला साफ मनाई करा. कुलूप असेल तर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा जा. तरीही कोणी भेटलं नाही तर ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद करा आणि अहवालात वस्तीनिहाय अशी किती घरं होती ते छापा. एखाद्या क्लस्टरमध्ये २० पैकी २० मुलाखती पहिल्याच दिवशी झाल्याचं दिसलं, तर त्या वस्तीची वही मागवून घ्या.