२५ अंशांचे ६४०० अंश: बाइटच्या क्रमाचा भांडण-इतिहास

तापमानाचा एक सेन्सर २५.० अंश कळवण्यासाठी २५० हा आकडा पाठवतो. दशांश चिन्ह टाळायला दहाने गुणून पाठवायची ही नेहमीची पद्धत. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणून आकड्याला दोन बाइट राखलेले असतात आणि तारेवरून, सोळाच्या पायावर लिहायचं तर, आधी `00` आणि मग `FA` येतो. असा सेन्सर मी पहिल्यांदा मायक्रोकंट्रोलरला जोडला तेव्हा पडद्यावर ६४००.० उमटलं. तारा तपासल्या, सेन्सर बदलून पाहिला, फरक शून्य. शेवटी सेन्सरवर बोट टेकवलं आणि आकडे बघत बसलो: ६४००.०, ६४२५.६, ६४५१.२. दर पायरीला बरोबर २५.६ ची उडी. मग अचानक ६५२८.० वरून एकदम ०.१.

सैल जोडणीमुळे आकडे असे शिस्तीत उड्या मारत नाहीत. सेन्सर मोठा बाइट, म्हणजे आकड्यात २५६ कितीदा आहे ते सांगणारा, आधी पाठवत होता आणि माझा प्रोसेसर पहिला आलेला बाइट लहान धरत होता. `00 FA` चं त्याने `FA00` केलं, म्हणजे ६४०००, २५० च्या थेट २५६ पट. खरं तापमान २५.६ झालं तेव्हा `01 00` आले आणि त्याने ते १ म्हणून वाचले. गंमत म्हणजे २५.७ ला `01 01` येतात, ते उलटे वाचले तरी तेच राहतात. त्या क्षणी कुणी पडद्याकडे पाहिलं असतं तर सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं.

मोठा बाइट आधी ठेवण्याला बिग-एंडियन म्हणतात, लहान आधी ठेवण्याला लिटल-एंडियन. दोन्ही पद्धती जन्मल्या त्या वेगवेगळ्या गरजांतून. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टम/३६० मध्ये मोठा बाइट आधी होता. आपण कागदावर आकडा लिहितो तोच हा क्रम, त्यामुळे मेमरीतले बाइट छापून काढले तर ते सरळ वाचता येतात.

लहान बाइट आधी येण्यामागे मात्र बेरीज आहे. १९७० च्या डेटापॉइंट २२०० या यंत्रातला प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळायचा आणि मेमरीतून बिट एकामागून एक सरकत यायचे. हातचा उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे बेरीज एककापासूनच सुरू करावी लागते. मोठा भाग आधी आला तर लहान भाग येईपर्यंत थांबून राहावं लागणार. म्हणून लहान बाइट आधी. या यंत्राचा प्रोसेसर एका चिपवर बसवून द्यायचं काम इंटेलकडे आलं. चिप उशिरा तयार झाली, त्या यंत्रात ती वापरलीच गेली नाही, पण इंटेलने ती १९७२ मध्ये ८००८ या नावाने बाजारात आणली. आज्ञांमधला पत्ता लिहिताना लहान बाइट आधी, हा क्रम तिच्यात तसाच राहिला. तो पुढे ८०८० मध्ये आला, १९७८ च्या ८०८६ मध्ये आला आणि तिथून आजच्या बहुतेक संगणकांत. सरकत्या मेमरीची गरज कधीच संपली, तिने घालून दिलेला क्रम उरला.

तिसरा प्रकारही होता. पीडीपी-११ हे यंत्र १६ बिटांच्या आकड्यात लहान बाइट आधी ठेवायचं, पण त्यावरच्या सी भाषेत ३२ बिटांचा आकडा साठवताना मोठा अर्धा भाग आधी यायचा. `0A0B0C0D` मेमरीत `0B 0A 0D 0C` असा बसायचा. मराठी माणसाला हे विचित्र वाटायचं कारण नाही. ‘एकशे पंचवीस’ म्हणताना आपण शंभर आधी सांगतो आणि उरलेल्या पंचविसात पाच आधी, वीस नंतर. युनिक्स पीडीपी-११ वरून मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रावर नेताना `UNIX` या अक्षरांच्या जोड्या उलटून `NUXI` झाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. या चुकीला अजूनही त्याच नावाने ओळखतात.

यंत्रं एकेकटी होती तोवर हा ज्याच्या त्याच्या घरातला मामला होता. नेटवर्क आलं आणि वाद पेटला. १ एप्रिल १९८० रोजी संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी या वादावर एक टिपण लिहिलं. गलिव्हरच्या प्रवासकथेत अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून लढणारे दोन पक्ष आहेत, त्यांची नावं कोहेन यांनी इथे लावली. तारीख गमतीची असली तरी म्हणणं नेमकं होतं: कोणता क्रम निवडता याला फार महत्त्व नाही, सगळ्यांनी एकच निवडण्याला आहे. १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजाने मोठा बाइट आधी असा क्रम लिहून ठेवला. त्यालाच नेटवर्क क्रम म्हणतात. `htons` सारखी फंक्शन्स यंत्राचा क्रम त्या क्रमात बदलून देतात.

ती विसरली तर काय होतं? तुम्ही ८०८० पोर्ट मागता आणि लिटल-एंडियन यंत्रावर सर्व्हर ३६८९५ वर ऐकत बसतो, कारण `1F90` चं `901F` झालेलं असतं. त्यातही वाईट म्हणजे दोन्ही टोकांचा प्रोग्रॅम तुम्हीच लिहिला आणि दोन्हीकडे फंक्शन विसरलात, तर एका चुकीने दुसरी झाकली जाते आणि सगळं सुरळीत चालतं. दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम जोडायला आला की मगच बिंग फुटतं.

माझ्या सेन्सरवरचा इलाज एका ओळीचा निघाला. आलेले बाइट जसेच्या तसे आकड्यात ओतायचे नाहीत, पाठवणाऱ्याचा क्रम पाहून आकडा बांधायचा:

```c
uint16_t v = ((uint16_t)b[0] << 8) | b[1];
```

इथे प्रोसेसर कोणत्या क्रमाचा आहे हा प्रश्नच उरत नाही. डावीकडे सरकवणं म्हणजे २५६ ने गुणणं, ते मेमरीतल्या मांडणीवर अवलंबून नाही.

करार अर्धवट राहिला की काय होतं ते मॉडबसमध्ये दिसतं. कारखान्यांतल्या उपकरणांसाठी १९७९ मध्ये आलेल्या या प्रोटोकॉलने १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये मोठा बाइट आधी असं ठरवलं, पण ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत ठेवताना कोणतं रजिस्टर आधी, हे ठरवलं नाही. त्यामुळे उत्पादकांनी आपापला क्रम निवडला. समजा मीटर २३०.० व्होल्ट पाठवतोय. दशांश आकड्यांच्या प्रमाण मांडणीत ते `43 66 00 00` होतं. रजिस्टरं उलटी वाचली तर `00 00 43 66` मिळतं, आणि तो आकडा इतका सूक्ष्म आहे की पडद्यावर ०.०० दिसतं. बघणाऱ्याला वाटतं लाइन बंद आहे, आणि तारेत मात्र २३० व्होल्ट असतात. रजिस्टरांचा क्रम बरोबर ठेवून फक्त आतले बाइट उलटले तर `66 43 00 00` होतं, म्हणजे २ वर २३ शून्यं एवढी प्रचंड संख्या. ही चूक निदान डोळ्यात भरते.

म्हणून नवं उपकरण जोडताना मी आधी ते चार कच्चे बाइट जसे आले तसे छापून घेतो आणि त्याच वेळी दुसऱ्या मीटरने व्होल्टेज मोजतो. `43` कुठे पडलाय ते पाहिलं की क्रम कळतो. मोजमाप शून्य असताना मात्र ही तपासणी करून उपयोग नाही, तेव्हा चारही बाइट `00` असतात आणि ते कोणत्याही क्रमाने शून्यच वाचले जातात.