करंगळीचा बधिरपणा : दुखणे कोपरातल्या अल्नर नसेचे की मानेखालच्या खोडाचे?

दोन रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. पहिला वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातला ट्रकचालक, वय अडतीस. हैदराबादच्या वाटेवर उजवे कोपर खिडकीच्या कडेवर टेकवून तासन्‌तास गाडी हाकायची ही त्याची जुनी सवय. दुसरा कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे हिशेब लिहिणारा, वय चौपन्न. तो डावे कोपर गल्ल्यावर रोवून दिवसभर वह्या भरतो आणि तीस वर्षांपासून बिडी ओढतो. तक्रार दोघांचीही एकच आहे : करंगळीला मुंग्या येतात, पकड सैल झाली आहे, शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळतात. दोघांच्याही हातावर अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग पाठीमागून खोलगट झालेला दिसतो. कोपर टेकवण्याची सवयही दोघांना असल्यामुळे 'कोपरात नस दबली' हे निदान दोघांनाही सहज चिकटते. ते एकाच्या बाबतीत बरोबर आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत घातक आहे.

हा घोटाळा का होतो, ते नसेच्या प्रवासात दिसते. हाताच्या नसांचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, मानेतल्या सी-५ ते सी-८ आणि छातीच्या पहिल्या टी-१ अशा पाच मुळांपासून सुरू होते. सी-५ व सी-६ मिळून वरचे खोड होते, सी-७ एकटेच मधले खोड बनते, तर सी-८ व टी-१ मिळून खालचे खोड तयार होते. प्रत्येक खोड पुढच्या व मागच्या अशा दोन विभागांत फुटते. तिन्ही मागचे विभाग एकत्र येऊन मागचा दोर होतो आणि त्यातून रेडियल नस निघते. वरच्या आणि मधल्या खोडांच्या पुढच्या विभागांचा बाहेरचा दोर होतो. खालच्या खोडाचा पुढचा विभाग मात्र एकटाच पुढे जाऊन आतला दोर बनतो. अल्नर नस या आतल्या दोरातून येते. म्हणून तिच्यातला बहुतेक माल सी-८ व टी-१ यांचाच असतो, आणि खालच्या खोडाला इजा झाली की पहिली ओरड करंगळीकडून येते.

पण खालचे खोड केवळ अल्नर नस पुरवून थांबत नाही, आणि दोन दुखण्यांतला सगळा फरक या एका वाक्यात आहे. आतल्या दोरातून मीडियन नसेला अर्धा वाटा जातो आणि त्यातूनच अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या स्नायूंना टी-१ चे तंतू मिळतात. खालच्या खोडाचा मागचा विभाग रेडियल नसेत उतरतो आणि बोटे सरळ करणाऱ्या काही स्नायूंपर्यंत सी-८ पोहोचवतो. शिवाय आतल्या दोरातून थेट एक स्वतंत्र संवेदी नस निघते, ती पुढच्या हाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, आतल्या बाजूच्या कातडीला जाते आणि अल्नर नसेच्या वाटेला लागतच नाही. तेव्हा परीक्षकाने करंगळीकडे कमी आणि या तीन शेजाऱ्यांकडे जास्त पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संवेदनेपासून सुरुवात करणे सोपे असते. अल्नर नस दंडात एकही शाखा देत नाही. कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यामागून, जिथे धक्का बसला की झिणझिणी येते तिथून, ती खाली उतरते आणि पुढे करंगळीला व अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. तिचा बधिरपणा मनगटाच्या घडीपाशी थांबतो. ट्रकचालकाच्या हातावर कापसाचा बोळा मनगटापासून वर कोपराकडे फिरवला, तर घडी ओलांडताच त्याला तो नीट जाणवू लागतो. आणि अनामिकेवर फिरवला, तर बोटाचा एक अर्धा भाग बधिर व दुसरा अर्धा चांगला असा उभा तुकडा पडतो. हिशेबनिसाचा बधिरपणा मात्र मनगट ओलांडून पुढच्या हाताच्या आतल्या बाजूने कोपराच्या दिशेने चढत जातो आणि अनामिकेचे दोन तुकडे पडत नाहीत. कोपरात दबलेल्या नसेला ही वरची कातडी बधिर करता येत नाही, कारण ती तिच्या ताब्यातच नाही. इतकी साधी ही खूण आहे, आणि तरीही सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते, कारण रुग्ण स्वतः करंगळीच दाखवतो आणि तपासणी करंगळीपाशीच संपते.

मग स्नायू. बोटे पसरवणारे व जवळ आणणारे छोटे स्नायू दोघांचेही कमजोर असणार, त्यामुळे त्यांच्यावरून काही ठरत नाही. त्याऐवजी तळहात वर करून टेबलावर ठेवायला सांगावे आणि अंगठा छताकडे उभा उचलायला लावून त्याला वरून दाबावे. हे काम मीडियन नसेच्या स्नायूचे आहे, पण त्याचे मूळ मुख्यतः टी-१ आहे. ट्रकचालकाचा अंगठा ठाम राहतो, हिशेबनिसाचा खचतो. त्यानंतर तळहात उलटा टेकवून फक्त तर्जनी वर उचलायला सांगावी आणि तिला दाबावे. हे काम रेडियल नसेचे आहे आणि त्यात सी-८ चा वाटा मोठा आहे. एकाच हातात अल्नर, मीडियन व रेडियल अशा तीन वेगवेगळ्या नसांचे स्नायू दुबळे निघाले आणि त्या सगळ्यांचा समान धागा सी-८ व टी-१ हाच असला, तर दोष कोपरात शोधण्यात अर्थ नाही; तो त्या तीन नसा वेगळ्या होण्याआधीच्या जागी असला पाहिजे.

कागदाची परीक्षा बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला लावायचा आणि ओढायचा. अल्नर नस दुबळी असली की अंगठ्याचे शेवटचे पेर वाकते. ही खूण फ्रोमाँ यांच्या नावाने ओळखली जाते. पेर का वाकते, हे मात्र पाठ केलेले नसते. अंगठा जवळ आणणारा अल्नर स्नायू काम करीत नाही, म्हणून हात दुसऱ्या स्नायूची उसनवारी करतो, आणि तो दुसरा स्नायू, अंगठ्याचे पेर वाकवणारा, मीडियन नसेवर चालतो. ट्रकचालकाकडे तो उधार द्यायला शाबूत आहे, म्हणून त्याचे पेर ठळकपणे वाकते. हिशेबनिसाकडे तो स्नायूही सी-८ व टी-१ वरच असल्याने थकलेला आहे. त्याचा अंगठा नीट वाकत नाही आणि कागद सरळ सुटून जातो. खूण 'नाही' म्हणून अल्नर नस चांगली, असा उलटा निष्कर्ष येथे सहज निघतो, आणि तो चुकीचा असतो.

अशा हिशेबनिसाची गोष्ट पुढे अशी जाते. सहा महिने कोपराला गादी, रात्री कोपर सरळ ठेवणारा पट्टा, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला रात्री ठणका लागायचा, पण तो 'मानेचे दुखणे' म्हणून वेगळा मांडला गेला. डावी पापणी दीड-दोन मिलिमीटर उतरली होती. घरच्यांनी ती वयाची समजली. दिवे मालवून पाहिले तर डावी बाहुली उजवीइतकी मोठी होत नव्हती, आणि नंतरही सावकाश उघडत होती. डोळ्याकडे जाणारे स्वायत्त तंतू टी-१ मुळासोबत बाहेर पडतात आणि फुप्फुसाच्या शिखरावरून मानेत चढतात. म्हणूनच करंगळीचा बधिरपणा आणि उतरलेली पापणी एकाच बाजूला दिसली, तर प्रश्न हाताचा उरत नाही, तो छातीच्या टोकाचा होतो. पापणी आणि बाहुलीच्या या जोडीला हॉर्नर यांचे नाव आहे. फुप्फुसाच्या शिखरावर वाढणाऱ्या, खालच्या खोडाला चिकटणाऱ्या गाठीला पॅनकोस्ट गाठ म्हणतात.

अशा वेळी नसांची विद्युत्‌तपासणी मदत करते, पण काय मोजायचे हे आधी ठरवलेले हवे. हिशेबनिसाच्या पहिल्या तपासणीत फक्त कोपराजवळचा नसेतल्या संकेताचा वेग मोजला होता आणि तो जेमतेम कमी निघाला. दिवसभर कोपर टेकणाऱ्या माणसात तसे निघू शकते. दुसऱ्यांदा सगळे मोजल्यावर चित्र उलगडले. अल्नर नसेचा संवेदी संकेत लहान होता. पुढच्या हाताच्या आतल्या कातडीच्या नसेचा संकेत मिळालाच नाही. तर्जनीपासून घेतलेला मीडियन नसेचा संवेदी संकेत चांगला होता, आणि त्याच मीडियन नसेचा अंगठ्याच्या उंचवट्यावरून घेतलेला स्नायूसंकेत मात्र लहान होता. एकाच नसेची संवेदना चांगली आणि हालचाल वाईट, हा विरोधाभास वाटतो. पण तर्जनीची संवेदना सी-६ व सी-७ मधून वरच्या व मधल्या खोडांतून येते आणि अंगठ्याच्या उंचवट्याची ताकद टी-१ मधून खालच्या खोडातून जाते, हे ध्यानात घेतले की तो सुटतो. अशी जोडी दिसली की खालचे खोड जवळजवळ निश्चित होते. छातीच्या एक्स-रे चित्रात पहिल्या बरगडीच्या व गळपट्टीच्या हाडाच्या आड डाव्या शिखरावर पुसट सावली होती, जी आधीच्या चित्रातही होती. ती पुढे एमआरआय व तुकड्याच्या तपासणीने स्पष्ट झाली.

येथे एक मर्यादा सांगायला हवी. दोष खोडात नसून मुळात असला, म्हणजे अपघातात मुळे मज्जारज्जूपासून उपटली गेली असली किंवा मानेच्या चकतीने सी-८ दाबले असले, तर कातडी बधिर असूनही संवेदी संकेत चांगला निघतो. कारण संवेदी पेशींची गाठ मणक्याच्या छिद्राजवळ, मज्जारज्जूच्या बाहेर असते. गाठीच्या आतल्या बाजूचा धागा तुटला तरी बाहेरचा तंतू जिवंत राहतो. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाच्या बधिर हातात चांगला संकेत मिळाला तर आनंद मानू नये; ती मुळे उपटल्याची खूण असू शकते, आणि अशी मुळे आपणहून जुळत नाहीत. ताज्या इजेत आणखी एक सावधगिरी हवी : तुटलेल्या तंतूचा बाहेरचा भाग पहिले काही दिवस संकेत वाहतच राहतो, म्हणून साधारण दहा दिवसांच्या आत केलेली तपासणी फसवी असते.

ट्रकचालकाकडे परत येऊ. त्याचे कोपर मिनिटभर पूर्ण वाकवून धरले की करंगळीत मुंग्या येतात. कोपराच्या वरून व खालून मोजलेल्या वेगांत स्पष्ट फरक आहे, पुढच्या हाताची कातडी चांगली आहे, अंगठा छताकडे ठाम उठतो. मनगट वाकवणारा अल्नर स्नायू मात्र त्याचा चांगला निघाला, आणि म्हणून कोणी दोष मनगटात असावा असे म्हटले. ते खरे नाही : कोपरातल्या दाबात त्या स्नायूचे तंतू पुष्कळदा वाचतात. मनगटात दोष असता तर हाताच्या पाठीवरची करंगळीकडची कातडी चांगली राहिली असती, कारण तिला जाणारी शाखा मनगटाच्या बरीच आधी फुटते. त्याची ती कातडीही बधिर आहे. खिडकीवरचे कोपर उचलल्यावर आणि रात्री सरळ ठेवल्यावर त्याच्या मुंग्या काही आठवड्यांत कमी होऊ शकतात. बारीक झालेल्या स्नायूंचा हिशेब वेगळा आहे. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, कोपरापासून हातातल्या छोट्या स्नायूंपर्यंत अंतर साधारण तीस सेंटिमीटर असते, म्हणजे दहा महिने लागतात. आणि तंतूविना राहिलेला स्नायू दीड वर्षानंतर फारसा परत येत नाही. म्हणून ताकद घटत चालली असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय अंगठ्यामागची खळगी पूर्ण पडण्याच्या आधी घ्यावा लागतो.