सभागृहात वाजलेले गाणे आणि व्हिडिओतले गाणे: पालकांना पत्र

सर्व पालकांस सप्रेम नमस्कार.

वार्षिक स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर आल्यापासून कार्यालयात रोज एकच प्रश्न येतो आहे. तिसरी ‘ब’ची मुले कोळीनृत्य करताना दिसतात, टोपल्या हलतात, पावले पडतात, परंतु आवाज मात्र पूर्ण बंद आहे. व्हिडिओग्राफरची चूक झाली असावी, असा बहुतेकांचा समज झाला आहे. तशी चूक झालेली नाही. आवाज आम्ही जाणूनबुजून बंद केला आहे. ‘त्या दिवशी सभागृहात हेच गाणे दणक्यात वाजले, तेव्हा चालले, मग आता का चालत नाही?’ हा आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सभागृहात गाणे वाजवणे आणि तेच गाणे व्हिडिओत घालून सर्वांसाठी खुले करणे, या दोन गोष्टी ऐकणाऱ्याला एकच वाटतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२(१)(जे) शिक्षणसंस्थांना एक सवलत देते. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एखादी रचना सादर केली, किंवा ध्वनिमुद्रित गाणे वाजवले, आणि प्रेक्षक म्हणून केवळ शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे असली, तर तो हक्कभंग होत नाही. स्नेहसंमेलनाला प्रवेशपत्रिका केवळ पालकांनाच का दिल्या आणि शेजाऱ्यांना सोबत आणू नये अशी विनंती का केली, हे यावरून लक्षात येईल. (त्या विनंतीवरून काही जण नाराज झाले होते, हे मला ठाऊक आहे.)

ही सवलत सादरीकरणापुरती आहे. कॅमेऱ्याने गाणे टिपले की त्याची प्रत तयार होते, आणि ती प्रत चॅनेलवर चढवली की जगात कोणीही ती ऐकू शकतो. प्रत काढण्याचा आणि लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. सवलतीतील ‘पालक व शिक्षक’ ही प्रेक्षकांची मर्यादा तेथे उरतच नाही. कार्यक्रमासाठी एखाद्या संस्थेकडून गाणी वाजवण्याचा परवाना घेतला असता, तरी तो त्या जागी, त्या दिवशी वाजवण्यापुरता असतो. चित्रासोबत गाणे जोडण्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट येथे गोंधळात टाकते. एका गाण्यात हक्कांचे तीन थर असतात: शब्द, चाल आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. कोळीनृत्यासाठी आम्ही पेनड्राइव्हवरील मुद्रित गाणे वाजवले, त्यामुळे तिन्ही थर गुंतले. सातवीच्या मुलींनी मात्र चित्रपटगीत स्वतः गायले, साथीला पेटी आणि तबला होता, एकही मुद्रित तुकडा वापरलेला नव्हता, तरीही तो भाग निःशब्द आहे. त्यांच्या पालकांना हे सर्वात जास्त लागले, आणि ते स्वाभाविक आहे. तेथे ध्वनिमुद्रणाचा थर सुटला, परंतु शब्द आणि चाल दुसऱ्याचीच राहिली. आवाज मुलींचा असला तरी रचना त्यांची होत नाही.

याउलट, पाचवीच्या मुलांनी म्हटलेला तुकोबांचा अभंग आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. सतराव्या शतकातील शब्दांवर आज कोणाचा हक्क नाही, आणि चाल आमच्या संगीत शिक्षकांनी स्वतः बांधलेली आहे, तिच्या वापराला त्यांनी लेखी संमती दिली आहे. हाच अभंग एखाद्या नामवंत गायकाच्या मुद्रणावर वाजवला असता, तर तो निःशब्द करावा लागला असता, कारण शब्द मोकळे असले तरी ते मुद्रण मोकळे नसते. आपल्याकडे शब्दांचा आणि संगीताचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला. सुरुवातीची प्रार्थना त्यामुळेच तशीच ठेवता आली. लेझीम तर हलगी आणि झांजेवर, मुलांनी प्रत्यक्ष वाजवलेली होती. तिथे प्रश्नच उद्भवला नाही.

‘तीस सेकंदांपेक्षा कमी वाजवले तर चालते’ आणि ‘व्हिडिओखाली गायकाचे नाव लिहिले की पुरे’ ही दोन मते मला अनेकांनी खात्रीने सांगितली. असा सेकंदांचा नियम कायद्यात नाही, आणि श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे.

यूट्यूबवर हक्कधारकांनी दिलेल्या गाण्यांच्या नमुन्यांशी प्रत्येक नवा व्हिडिओ यंत्रणेकडून जुळवून पाहिला जातो. जुळले की दावा लागतो. अशा दाव्याने व्हिडिओ काही देशांत अडवला जाऊ शकतो किंवा त्यावर जाहिराती दाखवून उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकते. लहान मुलांच्या नाचावर जाहिराती लागाव्यात, हे मला मान्य नाही. दावा आणि स्ट्राइक यांतही गल्लत होते: दाव्याचा परिणाम बहुधा त्या एका व्हिडिओपुरता असतो, स्ट्राइक मात्र हक्कधारकाने रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावल्यावर लागते, आणि नव्वद दिवसांच्या काळात अशा तीन लागल्या तर संपूर्ण चॅनेल बंद होऊ शकते. आपल्या चॅनेलवर मुलांच्या विज्ञानप्रदर्शनाचे आणि वक्तृत्वस्पर्धांचेही व्हिडिओ आहेत. ते पणाला लावायचे नव्हते.

आता टाळ्या आणि निवेदिकेचा आवाजही का गेला, याविषयी. ही त्रुटी मात्र आमची आहे. कॅमेऱ्याच्या माइकने स्पीकरवरील गाणे, निवेदन आणि टाळ्या एकाच ट्रॅकवर टिपल्या. त्यातून फक्त गाणे पुसण्याची सोय यूट्यूबवर आहे. आम्ही ती वापरून पाहिली, परंतु निवेदनाचा आवाज इतका चिरका झाला, की तो भाग पूर्ण बंद करणेच बरे वाटले. पुढील वर्षी मिक्सरमधून निवेदनाच्या माइकची वेगळी वायर काढून ती स्वतंत्र मुद्रित करण्याची सूचना साउंडवाल्यांना दिली आहे. नृत्यांपैकी निदान निम्म्यांना प्रत्यक्ष वाद्यांची साथ असावी, असेही शिक्षकांच्या सभेत ठरले आहे.

संपूर्ण आवाजासह व्हिडिओ पेनड्राइव्हवर द्यावा, अशी मागणी काही पालकांनी केली आहे. वर सांगितलेली सवलत सादरीकरणाची आहे, प्रती वाटण्याची नाही, म्हणून ती मान्य करता येत नाही. परंतु तेच कलम पालक आणि विद्यार्थ्यांसमोर ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट दाखवण्याचाही उल्लेख करते. त्या आधारे येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता शाळेच्या सभागृहात पूर्ण आवाजासह व्हिडिओ दाखवण्यात येईल. प्रवेश पाल्याच्या ओळखपत्रावर मिळेल. पडद्यावरील व्हिडिओ मोबाइलवर चित्रित करू नये, ही विनंती.

आपला नम्र,
मुख्याध्यापक