वॉश केअर लेबलांचे प्रतिलेखन

तयार कपड्याच्या आत, बहुधा कुशीच्या शिवणीत किंवा मानेपाशी, शिवलेल्या लहान पट्टीवरचा मजकूर आणि चिन्हे जशी आहेत तशी टंकित मजकुरात उतरवण्याचे काम. कपड्यांच्या धंद्यात या पट्टीला वॉश केअर लेबल म्हणतात. जुने कपडे विकणारे, वस्त्रसंग्रहांची नोंद ठेवणारे आणि अंध ग्राहकांसाठी छायाचित्रांचे वर्णन लिहिणारे हे काम करतात. मजकूर जेमतेम शंभर शब्दांचा असला तरी त्यात दोन अडचणी असतात. चिन्हे कळफलकावर मिळत नाहीत, आणि एकाच माहितीच्या दहा-बारा भाषांतल्या ओळी एकमेकींना खेटून छापलेल्या असतात.

धुण्याची चिन्हे आज बहुतेक देशांत सारखी दिसतात. १९६३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या गिनेटेक्स या संघटनेने ती रूढ केली आणि पुढे आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात ती आली. मूळ आकार पाच आहेत. पाण्याचा टब म्हणजे धुलाई, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्री म्हणजे इस्त्रीच, आणि वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंगसारखी धंदेवाईक सफाई. आकारावर फुली असेल तर ती क्रिया करायची नाही. खाली एक आडवी रेघ असेल तर प्रक्रिया सौम्य ठेवायची, दोन असतील तर अतिसौम्य.

चिन्ह शब्दांत लिहिताना आधी जे दिसते ते लिहावे; अर्थ द्यायचाच असेल तर तो नंतर, वेगळा. वर्णनाचा क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही: बाहेरचा आकार, आत काय, खाली किती रेघा, वर फुली आहे का. ‘टब, आत ३०, खाली एक रेघ’ हे वर्णन झाले. ‘३० अंशांवर हलक्या हाताने धुवा’ हा अर्थ झाला, आणि तोही सैल, कारण रेघ यंत्रातल्या सौम्य चक्राबद्दल असते. हाताने धुण्यासाठी टबात हात काढलेला असतो.

वर्णन आणि अर्थ वेगळे ठेवण्याचे मुख्य कारण असे, की चिन्हांच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. अमेरिकी पद्धतीत टबामध्ये तापमान आकड्याऐवजी ठिपक्यांनीही दाखवतात: एक ठिपका म्हणजे ३० अंश सेल्सियस, दोन म्हणजे ४०. जपानने डिसेंबर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय चिन्हांशी जुळणारी पद्धत स्वीकारली. त्याआधीच्या जपानी लेबलांवर धुलाईयंत्राचे चित्र आणि जपानी अक्षरे आढळतात. जुन्या किमोनो-जाकिटाच्या लेबलाचा अर्थ आजच्या तक्त्यावरून लावला तर नोंद बिघडते. वर्णन बरोबर असेल, तर जाणकाराला अर्थ नंतरही लावता येतो.

सर्वात जास्त चुका वर्तुळाच्या बाबतीत होतात. चौकोनात वर्तुळ आणि वर फुली म्हणजे ‘ड्रायर यंत्रात वाळवू नये’. दोरीवर वाळवायला त्यात मनाई नाही. नुसते वर्तुळ आणि फुली म्हणजे ‘ड्रायक्लीन करू नये’. नायलॉनच्या किंवा सॅटिनच्या पट्टीवरची शाई धुऊन धुऊन उडते, चौकोनाच्या बारीक कडा आधी जातात आणि पहिल्या चिन्हाचे दुसरे होते. शंका आली तर शेजारची चिन्हे पाहावीत. आजच्या क्रमात धुलाई, ब्लीच, वाळवणे, इस्त्री आणि धंदेवाईक सफाई अशी रांग असते, म्हणून तिसऱ्या जागी एकटे वर्तुळ दिसले तर चौकोन उडालेला असण्याची शक्यता मोठी. मात्र इस्त्री तिसऱ्या जागी असलेली लेबलेही पुष्कळ आहेत, त्यामुळे क्रमावरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. अशा वेळी ‘वर्तुळ, फुली, भोवती चौकोनाच्या पुसट खुणा’ असे लिहिणे सर्वात प्रामाणिक. दुसरी नेहमीची चूक टबाखालच्या रेघेची. ती शिवणीच्या दुमडीत जाते, म्हणून पट्टी मुळापाशी ताणून पाहिल्याशिवाय ‘रेघ नाही’ असे लिहू नये.

आता भाषांकडे. युरोपीय संघाच्या २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमानुसार धाग्याचे प्रमाण ज्या देशात कपडा विकायचा त्याच्या अधिकृत भाषेत द्यावे लागते. एकच माल अनेक देशांत जातो, म्हणून एका पट्टीवर भाषांची रांग लागते. तिरुपूरला विणलेले निर्यातीचे टी-शर्ट उरले की मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारख्या बाजारांत येतात, ते हीच लेबले घेऊन.

मांडणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक भाषेची ओळ स्वतंत्र आणि टक्के प्रत्येक ओळीत पुन्हा छापलेले. दुसऱ्यात टक्का एकदाच आणि पुढे त्या धाग्याची सर्व भाषांतली नावे तिरक्या रेघांनी तोडलेली. दुसऱ्या प्रकारची पट्टी उतरवताना सोयीसाठी भाषांनुसार ओळी पाडल्या, तर मुळात नसलेले आकडे आपण घातलेले असतात. छापील मांडणी आधी ठेवावी, फोड हवीच तर खाली वेगळी द्यावी.

पहिल्या प्रकारच्या, सुती-इलॅस्टेन टी-शर्टच्या एका नमुना पट्टीचे प्रतिलेखन असे दिसेल:

```
[पुढची बाजू]
[चिन्ह: टब, आत 30, खाली एक रेघ]
[चिन्ह: त्रिकोण, फुली]
[चिन्ह: चौकोनात वर्तुळ, फुली]
[चिन्ह: इस्त्री, आत दोन ठिपके]
[चिन्ह: वर्तुळ, फुली]
[मागची बाजू]
GB 95% Cotton 5% Elastane
F 95% Coton 5% Élasthanne
D 95% Baumwolle 5% Elasthan
E 95% Algodón 5% Elastano
P 95% Algodão 5% Elastano
```

प्रतिलेखकाचे स्वतःचे शब्द चौकटी कंसात आहेत आणि लेबलावरचे कंसाबाहेर. हा भेद संपूर्ण नोंदीत पाळावा लागतो. दुसऱ्या ओळीतले `Coton` ही छपाईची चूक समजून इंग्रजी करण्याचा मोह होतो, पण तो फ्रेंच शब्द आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश ओळींत दुसऱ्या धाग्याचे नाव अक्षरशः एकच आहे, म्हणून एक ओळ ‘दोनदा आली’ असे वाटून गाळली जाते. स्वीडिश आणि नॉर्वेजियन या दोन्हींत कापसाला `Bomull` म्हणतात, तेव्हा तर ओळीची भाषा फक्त सुरुवातीच्या खुणेवरूनच कळते. लेबलावर मोठ्या लिपीत `ALGODON` असे स्वरचिन्हाविना छापले असेल, तर तसेच ठेवावे.

ओळीच्या सुरुवातीची ही अक्षरे बहुधा देशाची असतात, भाषेची नव्हे. इथे `D` म्हणजे जर्मनी, `E` म्हणजे स्पेन. नोंदीत भाषासंकेत लावायचे असतील तर ते शेजारी वेगळ्या रकान्यात लावावेत, छापील अक्षरे बदलू नयेत. लेबलावर `UK` म्हणजे ब्रिटन, पण संगणकातल्या भाषासंकेतांत `uk` म्हणजे युक्रेनियन. अशा आपोआप बदलातून इंग्रजी ओळ युक्रेनियन म्हणून नोंदली जाऊ शकते.

अरबी आणि हिब्रू ओळी उजवीकडून डावीकडे जातात, त्यांतले आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच. त्या इंग्रजी ओळीला जोडून टंकल्या तर पडद्यावर टक्क्याचे चिन्ह आणि आकडा भलत्याच शब्दाशेजारी जाऊन बसतात, म्हणून त्यांना प्रत्येकी स्वतंत्र ओळ द्यावी. पट्टी अरुंद असल्याने लांब जर्मन शब्द मधेच तुटतो. तुटलेला शब्द जोडून लिहावा, आणि छापील ओळी मोजण्याची गरज असेल तरच तुटण्याची जागा कंसात नोंदवावी.

पट्टीच्या टोकाला बहुधा काही क्रमांक असतात. त्यांतला `RN` ने सुरू होणारा क्रमांक अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्यवसायाला दिलेला असतो, त्यावरून कंपनी शोधता येते. अशा क्रमांकात शब्दासारखा संदर्भ नसल्याने पुसट आकडा अंदाजाने भरता येत नाही. न वाचलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी `[?]` ठेवावे.