शोधशब्दांतील लिपिभेद (कोकण किनारा)

एकच शब्द देवनागरीत किंवा रोमन अक्षरांत लिहून शोधल्यामुळे संकेतस्थळांच्या दृश्यतेत पडणारा फरक. पानावर एकच लिपी असेल, तर दुसऱ्या लिपीतील शोधासाठी ते पान शोधयंत्राच्या लिप्यंतरावर विसंबून राहते. मालवण, गणपतीपुळे अशा नामांकित ठिकाणांची रूपे सहसा जुळवली जातात. तोंडवळीसारख्या लहान गावाबाबत मात्र Tondavali, Tondavli, Tondwali ही सगळी एकच धरली जातील, अशी खात्री नसते.

देवनागरीतही लेखन दिसते तसे साठवलेले असतेच असे नाही. ‘किनाऱ्यावरील’ या शब्दातला अर्धा र (रफाराऐवजी येणारा आडवा र) युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. आवृत्ती २.० (१९९६) मधील रीत र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (U+200D) अशी होती. पुढे ऱ (U+0931) आणि हलन्त ही रीत आली; मूळात हे अक्षर द्राविडी भाषांतील र दाखवण्यासाठी संकेतावलीत होते. जुनी रीत सुसंगतीसाठी आजही मान्य आहे, तरी दुसरीच अधिक भरवशाची दिसते. कारण जोडचिन्ह नकल-चिकट करताना गळाले, तर ‘किनार्यावरील’ असे अशुद्ध रूप उरते. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रीती एक करत नाही, म्हणून संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधपेटीत एक रीत लिहिली तर दुसरी सापडेलच असे नाही. कोणती रीत वापरली आहे, हे ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पाहता येते:

```
[..."ऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

पानावरचा शब्द अवतरणात चिकटवावा. उत्तरात `931` आले तर ऱ, `200d` आले तर जोडचिन्ह. रोमनमध्ये हा प्रश्नच उरत नाही. Kinaryavaril एवढेच लिहिले जाते.

तोंडवळीतील एखाद्या घरगुती निवासाच्या पानाचे शीर्षक ‘तोंडवळी किनाऱ्यावरील घरगुती निवास | Tondavali Homestay, Malvan’ असे ठेवता येते. पहिल्या परिच्छेदात रोमन नाव एका नैसर्गिक वाक्यात यावे. तळाशी पाच-सहा स्पेलिंगांची रांग लावणे गुगलच्या नियमांनुसार शब्दांचा भरणा ठरते. मेटा कीवर्ड टॅगमध्ये ती लपवणेही व्यर्थ, कारण गुगल तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही. नकाशावरील नोंदीत व्यवसायाचे नाव पाटीवर आहे तेच द्यावे लागते. त्याला ‘malvan beach’ चिकटवल्यास नोंद स्थगित होऊ शकते. दरपत्रक केवळ चित्ररूपात असेल, तर तेच शब्द पानावर मजकूर म्हणूनही द्यावेत. पानाच्या वेब-पत्त्यात देवनागरी चालते, मात्र नकलताना प्रत्येक युनिकोड संकेत नऊ चिन्हांचा होतो. नकललेला ‘मालवण’ त्यामुळे ४५ चिन्हांचा दिसतो, म्हणून पत्ता रोमनमध्ये ठेवणे सोयीचे.

लिपीनिहाय शोध मोजण्यासाठी गुगलच्या सर्च कन्सोलमधील क्वेरी गाळणीत रेजेक्स म्हणून `[ऀ-ॿ]` द्यावे. ‘जुळत नाही’ निवडल्यास रोमन शोध दिसतात. मात्र फार थोड्यांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात, त्यामुळे लहान वाडीच्या नावाचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात.