विलंब भरपाई कपातीचे पत्र

बांधकाम किंवा पुरवठ्याचे काम ठरल्या मुदतीनंतर पूर्ण झाल्यास करारात आधीच ठरवलेली भरपाई कंत्राटदाराच्या बिलातून वळती करताना मालकाने द्यायचे लेखी पत्र. साइटवर या रकमेला ‘एलडी’ म्हणतात. पत्रात करारातील कलम, दिवसांची मोजणी, दर, रक्कम आणि कमाल मर्यादा या पाचही गोष्टी दिसाव्या लागतात. पत्र एखाद्या पानाचे असते. पण ते टिकणार की नाही हे बहुधा त्याआधीच्या पत्रव्यवहाराने ठरलेले असते.

कायद्याचा आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील दोन कलमांत आहे. कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम नमूद असेल, तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाले नाही तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. याचा अर्थ नमूद रक्कम आपोआप मिळते असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात २०१५ साली स्पष्ट केले की काही ना काही नुकसान व्हायला हवे. ते आकड्यांत सिद्ध करणे अवघड असेल तेव्हाच करारातील आकडा प्रामाणिक पूर्वअंदाज म्हणून धरला जातो. म्हणून जुन्या जागेचे वाढीव भाडे किंवा यंत्रे पडून राहिल्याचे कर्जव्याज यांचे कागद पत्राच्या फाइलला लावलेले बरे.

कलम ५५ कडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती उलटूनही मालकाने काम स्वीकारले, तर भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळवावा लागतो. मुदत संपली, मालक गप्प राहिला, काम चालू राहिले, ताबाही घेतला आणि सहा महिन्यांनी फायनल बिलातून एकदम कपात केली, अशी प्रकरणे लवादापुढे लंगडी पडतात. मुदतवाढ देतानाच ‘ही मुदतवाढ विलंब भरपाईचा हक्क राखून दिली आहे’ एवढे एक वाक्य घातले की हा धोका बराच टळतो.

मोजणीचे उदाहरण. कुपवाड एमआयडीसीत कारखान्याची शेड बांधण्याचा एक काल्पनिक करार घेऊ. करार किंमत १,८०,००,००० रुपये, काम सुरू १ डिसेंबर २०१८, मुदत ९ महिने, म्हणजे ३१ ऑगस्ट २०१९ पर्यंत. भरपाईचे कलम असे: ‘प्रत्येक आठवड्यास किंवा त्याच्या भागास करार किमतीच्या ०.५ टक्के, एकूण करार किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही.’ म्हणजे आठवड्याला ९०,००० रुपये आणि मर्यादा ९,००,००० रुपये.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला. लोखंडी सांगाड्याचे ट्रक अडकले, सांगलीत राहणारे मजूर घर सावरायला गेले. कंत्राटदाराने वेळेत अर्ज केला आणि मालकाने हक्क राखून १९ दिवसांची मुदतवाढ दिली. नवी तारीख १९ सप्टेंबर. काम १८ नोव्हेंबरला पूर्ण झाले.

मोजणी २० सप्टेंबरपासून सुरू होते: सप्टेंबरचे ११, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे १८, एकूण ६० दिवस. म्हणजे ८ आठवडे ४ दिवस. ‘किंवा त्याच्या भागास’ हे शब्द असल्यामुळे ९ आठवडे धरायचे. भरपाई ८,१०,००० रुपये. तेच शब्द कलमात नसते आणि ‘पूर्ण आठवड्यास’ असे असते, तर ७,२०,००० रुपये झाले असते.

मुदतवाढीचा अर्ज निकाली न काढता मूळ तारखेपासून मोजणी केली, तर ७९ दिवस, म्हणजे १२ आठवडे आणि १०,८०,००० रुपये होतात. मर्यादेमुळे ते ९,००,००० वर थांबतात. मालकाला हा आकडा आवडतो, पण पुराचे दिवस कंत्राटदाराच्या माथी मारल्याचे उघड दिसते आणि मग योग्य भागाची कपातही वादात ओढली जाते. आधी मुदतवाढीचा निर्णय, मग कपात, हा क्रम मोडू नये.

काम पूर्ण झाल्याची तारीखही भांडणाचे मूळ असते. कंत्राटदाराने १८ नोव्हेंबरला ‘तपासणीस या’ असे पत्र दिले आणि मालकाचा अभियंता २७ ला आला. शेड तेव्हा वापरायोग्य आढळली, रंगाचे किरकोळ काम तेवढे उरले होते. २७ तारीख धरली तर ६९ दिवस, १० आठवडे आणि थेट ९,००,००० रुपये. तपासणीचा उशीर मालकाचा असल्याने येथे १८ हीच तारीख योग्य.

पत्राचा मुख्य मजकूर साधारण असा असतो:

‘करारातील विलंब भरपाईच्या कलमानुसार, तसेच मुदतवाढीच्या पत्रात राखून ठेवलेल्या हक्कानुसार कळवण्यात येते की, सुधारित मुदत १९-०९-२०१९ असून काम १८-११-२०१९ रोजी पूर्ण झाले. विलंब ६० दिवस, म्हणजे कलमाप्रमाणे ९ आठवडे. भरपाई: रु. १,८०,००,००० × ०.५% × ९ = रु. ८,१०,०००. कमाल मर्यादा ५%, म्हणजे रु. ९,००,०००, यापूर्वीची कपात शून्य. सबब रु. ८,१०,००० आपल्या अंतिम बिलातून वळते करण्यात येत आहेत. विलंबाच्या दिवसांबाबत हरकत असल्यास अडथळा नोंदवहीतील नोंदींसह १५ दिवसांत कळवावे.’

‘यापूर्वीची कपात’ ही ओळ गाळू नये. चालू बिलांतून थोडे थोडे कापले आणि शेवटी पुन्हा पूर्ण हिशोब लावला, की मर्यादा नकळत ओलांडली जाते. पत्रात ‘दंड’ लिहिण्याचा मोहही टाळावा. कपातीमागे शिक्षेचा हेतू होता असे म्हणायला समोरच्या वकिलाला आयते निमित्त मिळते.

जीएसटी. पूर्वी अनेक लेखापाल सावधगिरी म्हणून या रकमेवर १८ टक्के कर लावत. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक क्र. १७८ ने खुलासा केला की केवळ नुकसान भरून काढण्यासाठीची अशी रक्कम हा कोणत्याही सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही.

सरकारी कामे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदा नमुन्यात हिशोब वेगळा आहे. कलम २ मधील दर दिवसाला १ टक्का ‘किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील ती कमी रक्कम’ असा असून मर्यादा १० टक्के आहे. टक्केवारी निविदेत दाखवलेल्या अंदाजित किमतीवर काढायची, स्वीकृत देकारावर नाही. पूर्ण दराने मर्यादा दहाच दिवसांत गाठली जाते, म्हणून दर कमी करण्याचा अधिकार नावापुरता नसतो. दर ठरवणारा अधीक्षक अभियंत्याचा लेखी आदेश नसताना उपविभागातून गेलेले कपातीचे पत्र पोकळ ठरते. शिवाय आदेशाने रकमेचा प्रश्न मिटला तरी उशीर कोणामुळे झाला हा प्रश्न खुलाच राहतो: जे. जी. इंजिनिअर्स प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करारभंग कोणी केला हे करारातील एकच पक्ष ठरवू शकत नाही. तो निवाडा लवादाने किंवा न्यायालयाने करायचा.