घाणागणिक इंधनखर्च (बेकरी भट्टी)

भट्टीत एका वेळी भाजल्या जाणाऱ्या पावाच्या घाण्यामागे खर्च होणारी वीज किंवा गॅस. हा आकडा घाण्याच्या आकारापेक्षा भट्टी तापवण्यात गेलेल्या उष्णतेवर आणि ती किती घाण्यांत वाटली गेली यावर अधिक अवलंबून असतो.

खुद्द पाव भाजायला उष्णता फारशी लागत नाही. कणीक सुमारे ३० अंशांवरून ९७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे आणि तिच्या वजनाच्या साधारण दहा टक्के पाण्याची वाफ करणे, ही दोन कामे मिळून किलोमागे जेमतेम ०.१२ युनिट (किलोवॅट-तास) होतात. उरलेला खर्च भट्टीचे पत्रे, दगड, डबे, भिंतींतून होणारी गळती आणि बाहेर जाणारी वाफ यांचा असतो.

पूर्वतापन कुठे संपते याबाबत एकवाक्यता नाही. उत्पादक बहुधा थर्मोस्टॅटचा दिवा विझेपर्यंतचा वेळ देतात. पण संवेदक पोकळीतल्या हवेचे तापमान दाखवतो. खालचा दगड तोवर मागे असतो. दिवा विझताच घाणा भरला तर पावाचा माथा तांबूस होतो आणि तळ फिका, ओलसर राहतो. म्हणून दगडात उष्णता भिनेपर्यंतचा वेळही पूर्वतापनातच धरणे अधिक योग्य दिसते. हा खर्च हिशेबात कोणावर टाकायचा, हा दुसरा मतभेद. काही जण तो पहिल्या घाण्यावर टाकतात, काही दिवसभराच्या घाण्यांवर सारखा वाटतात. पावाचा दर ठरवताना दुसरी पद्धत सोयीची. भट्टी आज पेटवावी की नाही हे ठरवताना मात्र पहिलीच खरे उत्तर देते.

उदाहरणार्थ, ६ किलोवॅटची एकमजली विजेची डेक भट्टी घेऊ. तिला २२० अंशांवर येऊन भिनायला ५० मिनिटे लागली, तर ५ युनिटे जातात. घाणा ८ किलो कणकेचा, म्हणजे अर्धा किलो कणकेचे १६ ब्रेड; भरण्या-काढण्यासह ४० मिनिटांचा. कणकेला सुमारे १ युनिट, भिंतींच्या गळतीला (ताशी १.२ युनिट) ०.८, डबे व वाफेला ०.२, असे मिळून २ युनिटे लागतात. दर दहा रुपये युनिट धरला, तर दिवसात एकच घाणा काढल्यास त्याला ७ युनिटे, म्हणजे ७० रुपये पडतात. चार घाणे काढल्यास घाण्याला ३.२५ युनिटे (३२.५० रुपये) आणि आठ काढल्यास सुमारे २.६ युनिटे (२६ रुपये) पडतात. पहिल्या काही घाण्यांत खर्च झपाट्याने उतरतो, पुढे फरक किरकोळ होतो. अर्धा भरलेला घाणा मात्र निम्म्या खर्चात होत नाही. गळती तेवढीच राहत असल्याने त्याला सुमारे दीड युनिट लागते.

नासाडीचे नेहमीचे कारण म्हणजे भट्टी तयार आणि कणीक अजून फुगलेली नाही. थंडीत असे हमखास होते. वरील भट्टीत तासभर वाट पाहण्यात १.२ युनिट उडून जाते. अशा वेळी भट्टी बंद केली तर पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, हा समज चुकीचा आहे: थंड होत जाणारी भट्टी तापलेल्या भट्टीपेक्षा कमीच उष्णता गमावते. बंद ठेवल्याने अडते ते वेळेचे. मागणी आकार, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेवरचा आकार, लागू असलेल्या जोडणीवर मात्र अनेक मजली भट्टीचे सगळे डेक एकदम सुरू केल्यास देयक वाढू शकते. ते पाठोपाठ सुरू करावेत.

गॅसच्या भट्टीत धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेची भर पडते. एक किलो एलपीजीचा उष्मांक निव्वळ धरला तर सुमारे १२.८ युनिटे, स्थूल धरला तर जवळपास १३.८, त्यामुळे दोन भट्ट्यांची कार्यक्षमता ताडून पाहताना आधार एकच आहे ना, ते पाहावे. विजेशी तुलनेत धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळत नसल्याने ती वगळणारा निव्वळ आकडा बरा. मोजण्यासाठी सिलिंडर घाण्याआधी व नंतर काट्यावर ठेवतात. जोरात गॅस ओढल्यावर बाहेर जमलेले दव वा बर्फ पुसूनच वजन करावे, नाहीतर खर्च कमी दिसतो. पीएनजीला मीटरची नोंद पुरेशी असते.

शेवटच्या घाण्यानंतर दगडात बरीच उष्णता उरते. उतरत्या तापमानाने ब्रेड, मग केक (सुमारे १७५ अंश) आणि शेवटी टोस्ट वाळवणे, असा क्रम लावल्यास पूर्वतापनाचा खर्च आणखी मालावर वाटला जातो. विटांच्या लाकडी भट्टीत ही प्रथा जुनी आहे, कारण रोज वापरात असलेली जाड भिंत पूर्ण निवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पातळ भिंतींची गॅसची वा विजेची भट्टी लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे तीत घाण्यांमधले अंतर कमी ठेवणे अधिक गरजेचे ठरते.